पावसाच्या तोंडची भिंत : कोकणात घरे आखणाऱ्या वास्तुविशारदांस खुले पत्र

कोकणपट्टीत घरे आखणाऱ्या सर्व वास्तुविशारद बंधुभगिनींस,



सार्वजनिक बांधकामाच्या खात्यातील नोकरी संपवून मी राजापूर तालुक्यात येऊन राहिलो, तेव्हापासून आसपासच्या गावांतून मला जी बोलावणी येतात, त्यांतील बहुतेकांचे कारण एकच असते. घर नवे, जेमतेम तीन-चार पावसाळे पाहिलेले; नकाशा मुंबई-पुण्याच्या कोणा नामांकित वास्तुविशारदाच्या कचेरीतून आलेला; आणि पश्चिमेकडील खोलीच्या भिंतीला आतून ओल. घरधन्याचा प्रश्नही ठरलेला असतो. बाहेरून गिलावा करावयास हवा होता, की विटा उघड्याच ठेवावयाच्या होत्या, की दगडाची लादी बसवावयास हवी होती? हा प्रश्न त्याने घर बांधण्यापूर्वी आपणासही विचारलेला असतो, आणि त्याला जे उत्तर मिळाले त्याविषयी माझी तक्रार आहे. ती आपल्या व्यवसायाविषयी पूर्ण आदर बाळगून, परंतु कोणताही आडपडदा न ठेवता येथे मांडतो.

पहिले गाऱ्हाणे असे, की भिंतीच्या बाह्यांगाची निवड आपल्या कचेरीत दर्शनी चित्रावरून होते, पावसावरून होत नाही. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तो तीन हजारांहून अधिक पडतो आणि महाबळेश्वरी साडेपाच हजारांच्याही पलीकडे जातो. हा भेद केवळ मापाचा असता तर चालले असते. पुण्याची भिंत एका सरीने भिजते आणि पुढच्या उघडिपीत वाळते. आमची भिंत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जी भिजते, ती सप्टेंबरअखेरपर्यंत पुरती वाळण्याची संधीच तिला मिळत नाही. शिवाय नैर्ऋत्येचा वारा पावसाला आडवा घेऊन येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम या दोन अंगांच्या भिंतींवर जे पाणी आदळते त्याचा अल्पांशही पूर्वेच्या भिंतीवर पडत नाही. असे असूनही आपल्या नकाशांत चारही भिंतींस एकच बाह्यांग लिहिलेले मी पाहतो, किंवा वेगवेगळे लिहिले असेल तर रस्त्याकडील भिंतीला दगड आणि मागच्या भिंतीला गिलावा, अशा हिशेबाने लिहिलेले असते. रस्ता कोणत्या दिशेला आहे हे पाऊस विचारात घेत नाही.

दुसरे गाऱ्हाणे वळचणीचे. या प्रदेशातील जुनी घरे पाहिली तर छपराची वळचण भिंतीपुढे अडीच-तीन फूट आलेली, तिच्याखाली पडवी, आणि पावसाच्या तोंडावर नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधलेले, अशी त्यांची तजवीज दिसते. भिंत मातीची असो वा जांभ्याच्या चिऱ्याची, तिच्यावर पाणी येऊच द्यावयाचे नाही, हा त्या रचनेचा पाया होता. आपण सपाट स्लॅब घालून, वर कठडा उभारून, भिंत नितळ वरपासून खालपर्यंत उघडी ठेवता आणि मग तिच्यावर कोणता लेप चढवावा याची चर्चा करता. माझ्या अनुभवाप्रमाणे या चर्चेतील निम्म्याहून अधिक प्रश्न वळचणीनेच मिटतात. ज्या भिंतीवर पाणी क्वचितच पोहोचते, तिच्यावर तिन्ही बाह्यांगे सुखाने नांदतात. ज्या भिंतीवर चार महिने पाणी वाहते, तिच्यावर तिन्हींची आपापल्या परीने दुर्दशा होते.

हे केवळ सिद्धान्त म्हणून सांगत नाही. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही, परंतु खाडीपासून काही अंतरावर, टेकडीच्या पश्चिम उतारावर एक दुमजली घर आहे. त्याच्या एकाच पश्चिम भिंतीवर आपल्या एका व्यवसायबंधूंनी तिन्ही बाह्यांगे योजिली होती. भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, खांब व तुळया सिमेंट काँक्रीटच्या, वर सपाट स्लॅब. जिन्याच्या अंगाला जोत्यापासून कठड्यापर्यंत दगडी लाद्यांचा पट्टा. वरच्या मजल्यावरील निजावयाच्या खोलीबाहेर उघड्या विटांची भिंत. उरलेल्या भागास सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ॲक्रिलिक रंग. एकच दिशा, एकच पाऊस, एकच वर्ष, त्यामुळे तुलना करण्यास याहून चांगला नमुना मिळणे कठीण.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी ती भिंत पाहिली. गिलाव्यावर जाळ्यासारखे बारीक तडे पसरलेले. खिडकीखाली रंगाला फुगे आलेले आणि बोटाने दाबताच त्यांतून पाणी गळणारे. हातोडीच्या दांड्याने ठोकले असता जागोजाग पोकळ आवाज. विटांच्या भिंतीवर पांढरा खार फुटलेला, दरजांत शेवाळ धरलेले, आणि आतल्या बाजूस पलंगाच्या उंचीपर्यंत काळसर ओल. दगडी पट्टा मात्र बाहेरून नव्यासारखा दिसत होता, आणि घरातील सर्वांत जास्त ओल नेमकी त्याच्याच मागे, जिन्याच्या भिंतीला होती.

ओल कोठून येते हे अंदाजाने सांगू नये, म्हणून मार्च महिन्यात, भिंत कोरडी असताना, आम्ही रबरी नळीने पाणी मारून पाहिले. ही परीक्षा करताना पाणी नेहमी खालून वर न्यावयाचे असते; वरून सुरुवात केली तर ओघळ सर्वत्र पसरतो आणि नेमके द्वार सापडत नाही. एकेका पातळीवर वीस-पंचवीस मिनिटे पाणी मारावयाचे, आणि आत एका माणसाने विजेरी घेऊन भिंतीवर नजर ठेवावयाची. जोत्याला पाणी मारले, काही झाले नाही. खिडकीच्या खालच्या गिलाव्यावर मारले, तेथेही काही झाले नाही. नळी खिडकीच्या बैठकीवर नेताच काही मिनिटांत आतल्या कोपऱ्यात ओलीचा डाग उमटला. बैठक आतल्या बाजूस किंचित उतरती झाली होती, बाहेर तिचा पुढावा गिलाव्याच्या पातळीतच थांबला होता, आणि बुडाशी पाणी तुटण्यासाठी असावी लागणारी खाच मुळीच नव्हती. गिलावा नापास झाला असे सर्व म्हणत होते. वस्तुतः पाण्याची वाट खिडकीने उघडली होती, आणि तड्यांनी ती रुंद केली होती.

ते तडे का पडले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण येथे आपल्या तपशीलपत्रकाचा दोष होता. त्यात बाहेरच्या गिलाव्यासाठी एक भाग सिमेंट आणि तीन भाग रेती असे प्रमाण लिहिले होते. अधिक सिमेंट म्हणजे अधिक मजबुती या समजुतीने. असा गिलावा वाळताना अधिक आकसतो, म्हणून अधिक तडकतो. आणि तो चिऱ्याहून कठीण असल्याने सुटताना चिऱ्याची साल घेऊन सुटतो. बाहेरचा थर आतल्या थराहून बळकट असू नये, हा गवंड्यांचा जुना नियम या ठिकाणी अक्षरशः लागू पडतो. जांभ्यावर एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती, असा गिलावा दोन थरांत द्यावा. आतला थर सुमारे १२ मिलिमीटर, बाहेरचा सुमारे ८. चुन्यामुळे तो काहीसा लवचिक राहतो, आणि आत शिरलेले पाणी उघडिपीत वाफेच्या रूपाने बाहेर पडू शकते. काँक्रीटचा खांब जेथे चिऱ्याला भेटतो, त्या सांध्यावर तारेची जाळी ठोकल्यावाचून गिलावा चढवू नये, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात उभी चीर पडते. काम दिवाळीनंतर धरावे, भिंत सात दिवस ओली ठेवावी, आणि गिलावा पुरता वाळल्याखेरीज रंगाचा ब्रश हाती घेऊ नये. आपण निवडलेला जाड, रबरासारखा रंग तड्यांवर पडदा घालतो, परंतु त्याच पडद्यामुळे आतली वाफ कोंडते. फुग्यांतून गळणारे पाणी ते हेच.

याच ठिकाणी रेतीविषयीही एक शब्द लिहावयास हवा. आमच्याकडे खाडीची रेती सहज मिळते, आणि ठेकेदार ती न धुता वापरतो. तिच्यातील मीठ भिंतीत राहते व हवेतील दमट वाफ ओढून घेते. पावसाची ओल आणि मिठाची ओल यांतील फरक सोपा आहे. पावसाची ओल हिवाळ्यात हळूहळू ओसरते. मिठाचा डाग मात्र आकाश निरभ्र असताही, हवा दमट होताच पुन्हा काळवंडतो. असा डाग असलेल्या भिंतीवर रंगाचे कितीही हात दिले तरी उपयोग नाही. गिलावा खरवडून काढावा लागतो. गोड्या पाण्याने धुतलेली रेती अथवा खडीची कच वापरावी, हे वाक्य आपल्या तपशीलपत्रकात ठळक असावे, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी कोणी एक माणूस जागेवर यावा.

उघड्या विटांसंबंधी आपणांपैकी पुष्कळजण लॉरी बेकर यांचा दाखला देतात. त्रिवेंद्रम येथे त्यांनी बांधलेल्या इमारती आदरास पात्र आहेत, यात शंका नाही. परंतु त्रिवेंद्रमचा पाऊस रत्नागिरीच्या मानाने पुष्कळ कमी, आणि तो दोन मोसमांत वाटला गेलेला. शिवाय बेकर यांच्या भिंतींवर पुढे आलेली छपरे असतात, तिकडे दाखला देणाऱ्यांचे लक्ष जात नाही. वीट उघडी ठेवावयाची तर आधी ती पाणी किती गिळते हे मोजा. भारतीय मानकानुसार सामान्य प्रतीच्या विटेने चोवीस तास पाण्यात राहून स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी घेऊ नये. म्हणजे भट्टीत वाळवून तीन किलो भरलेली वीट भिजल्यावर ३.६ किलोंहून जड भरता कामा नये. ही परीक्षा घरच्या तराजूवर होते, आणि तरीही ती झालेली मी क्वचितच पाहिली. माझ्या मते पावसाच्या तोंडची वीट पंधरा टक्क्यांच्या आत असावी.

मात्र त्या घरातील विटांची भिंत विटांमुळे गळत नव्हती. नळीची परीक्षा केली तेव्हा पाणी वीट आणि मसाला यांच्यामधील केसासारख्या फटीतून आत शिरताना दिसले. आणि त्या फटीपाशी पाणी थांबून राहण्याची सोय आपल्या नकाशाने केली होती. छाया पडून भिंत उठून दिसावी म्हणून दरजा अर्धा इंच खोल खरवडून ठेवल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक विटेच्या माथ्यावर एक बारीकशी पायरी झाली, तिच्यावर पाणी साचले, धूळ बसली, शेवाळ आले. दरजा लोखंडी सळईने दाबून, किंचित अंतर्गोल भरल्या असत्या तर पाणी घसरून गेले असते आणि दाबामुळे फटही बुजली असती. नऊ इंची एकेरी भिंतीत, मध्ये मोकळी पोकळी नसताना, पाण्याला आतल्या अंगापर्यंत पोहोचण्यास याहून अधिक काही लागत नाही. पाणी झटकणारे सिलिकॉन जातीचे द्रव फासण्याचा सल्ला घरधन्याला देण्यात आला होता. ते कोरड्या विटेवर उपयोगी पडते, परंतु उघडी फट ते भरू शकत नाही, काही वर्षांनी पुन्हा द्यावे लागते, आणि भिंतीत खार असताना दिले तर तो खार विटेच्या सालीमागे साचून साल उडवितो.

आता दगडाकडे वळतो, कारण माझे सर्वांत मोठे गाऱ्हाणे त्याच्याविषयी आहे. दगड म्हटला की देखभाल संपली, असे घरधन्याला सांगण्यात येते. दगड स्वतः टिकतो हे खरे. काळा पाषाण तर पाणी जवळजवळ पीतच नाही. परंतु भिंतीवर चिकटविलेली लादी ही दगडी भिंत नव्हे. त्या जिन्याच्या पट्ट्यातील लाद्या सुमारे ३० मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे चौरस मीटरमागे ऐंशी किलोंच्या आसपास वजनाच्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पाठीस चार कोपऱ्यांत व मध्ये सिमेंटचे पाच गोळे थापून त्या दाबून बसविल्या होत्या. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ. कठड्यापाशी पट्ट्याची वरची कड उघडीच होती, तिच्यावर पुढे आलेले झाकण नव्हते. नळी तेथे धरली, आणि पाऊण तास पाणी आत जात राहिले. बाहेर थेंबही आला नाही, कारण बुडाशी सांधे पक्के भरलेले होते आणि पाणी निघून जाण्यास एकही छिद्र नव्हते. लाद्यांमागे पाण्याचा हौद झाला होता, आणि चिऱ्याची भिंत तो चार महिने शोषत होती. गिलावा बिघडला तर पोपडे सुटून तसे सांगतो. लादी काहीच सांगत नाही, आणि सांगते तेव्हा ती खाली पडलेली असते. त्या घरी एक लादी अंगणात पडली. सुदैवाने रात्रीची वेळ होती.

लाद्या उंचावर लावावयाच्याच असतील तर त्या गंज न चढणाऱ्या पोलादी आकड्यांनी भिंतीला जखडाव्यात, मागे पोकळी ठेवावी, वर झाकण आणि खाली पाणी वाहून जाण्यास छिद्रे ठेवावीत. समुद्रालगत साधे लोखंड वापरणे म्हणजे काही वर्षांत गंज फुगून दगड फोडण्यास निमंत्रण देणे होय. ही पद्धत खर्चिक आहे, आणि दुमजली घराला ती परवडत नसेल तर आपण घरधन्याला तसे स्पष्ट सांगावे. गोळ्यांवर चिकटविलेला दगड हा तिचा स्वस्त पर्याय नाही. दगडाची खरी जागा जोत्याशी आहे. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून जेथपर्यंत उडते, तेथपर्यंत म्हणजे जमिनीपासून अडीच फूट, पूर्ण मसाल्याच्या बैठकीवर बसविलेला दगड गिलाव्याहून निश्चित श्रेष्ठ. तेथे चिखल धुता येतो, आणि तपासण्यासाठी परांचीही लागत नाही.

त्या घरी शेवटी केले ते असे. जिन्याचा पट्टा उतरवून दगड फक्त जोत्याशी ठेवला. खिडक्यांच्या बैठकी काढून तेथे अखंड कडप्पा बसविला. दोन्ही टोके भिंतीत घातली, बाहेरच्या बाजूस उतार दिला, दोन इंच पुढावा ठेवून त्याच्या बुडाशी खाच कापली. विटांच्या दरजा २० मिलिमीटर खोल मोकळ्या करून पुन्हा दाबून भरल्या. गिलावा काढून चुनामिश्रित गिलावा दिला, आणि तो पुरता वाळल्यावर वाफेला वाट देणारा साधा रंग. स्लॅबवर कौलारू छप्पर चढवून पश्चिमेस तीन फुटांची वळचण आणली. पुढल्या पावसाळ्यात आतली खोली कोरडी राहिली. खालच्या मजल्यावर वाऱ्याचा मारा वळचणीखालून शिरतो, म्हणून तेथे खिडकीवर आणखी एक छज्जा घालावा लागला. या सर्व दुरुस्तीतील निम्म्या गोष्टी मूळ नकाशात दहा रेघांनी साधल्या असत्या.

येथवर आपण मला विचाराल, की मग या तिहींत माझी शिफारस कोणाची. देखभाल कमीत कमी हवी असेल, तर पावसाच्या तोंडच्या भिंतीस वळचणीखाली चुनामिश्रित गिलावा, जोत्याशी दगड, आणि पूर्वेकडे किंवा पडवीच्या आत, जेथे पाणी पोहोचत नाही, तेथे हवी तितकी उघडी वीट. गिलावा बिघडतो, परंतु बिघाड दिसतो, आणि गावचा गवंडी तो दुरुस्त करू शकतो. देखभालीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. वळचण तीन फुटांची असेल आणि चिरा घट्ट प्रतीचा असेल, तर त्याला कोणतेही बाह्यांग नको; नुसत्या दरजा भरून जुन्या चिरेबंदी भिंती उभ्या आहेत. आपल्या तिन्ही पर्यायांत हा चौथा बहुधा नसतो, याचे मला वाईट वाटते.

आता विनंती. प्रत्येक भिंतीचा दर्शनी नकाशा काढताना तिच्यावर दिशा लिहावी, आणि पश्चिम व दक्षिण भिंतींचा छज्जा, बैठक, कठड्याचे झाकण यांचे छेद मोठ्या प्रमाणावर काढून द्यावेत. गवंड्याला दाखविण्यासारखी गोष्ट ती आहे. घरधन्यापुढे तिन्ही बाह्यांगांचे दर मांडताना पहिल्या पंधरा वर्षांच्या देखभालीचा खर्चही त्याच कागदावर मांडावा, आणि त्यात परांचीचा खर्च वेगळा दाखवावा, कारण दुमजली भिंतीवर रंगाच्या डब्यांहून परांची आणि मजुरीच अधिक खाते. रंग देण्यापूर्वी नळीची परीक्षा करण्याची अट ठेकेदाराच्या करारनाम्यात घालावी. त्याची अनामत रक्कम एक पूर्ण पावसाळा, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, रोखून ठेवावी. मे महिन्यात ताबा देऊन जूनपूर्वी हिशेब चुकता करण्याची जी चाल पडली आहे, ती बंद होणे आपल्या हाती आहे. आणि त्या पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या भर झडीत, एकदा स्वतः येऊन आपण आखलेल्या भिंतीपुढे उभे राहावे. राहण्या-जेवणाची व्यवस्था घरधनी आनंदाने करील.

 

आपला नम्र,
एक निवृत्त बांधकाम अभियंता,
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी